तिखटाचा दाह आणि दुधाचा घोट

कोल्हापूरचा तांबडा रस्सा, नागपूरकडचे सावजी कालवण किंवा लवंगी मिरचीचा जाडसर कुटलेला ठेचा यांपैकी कोणत्याही जिनसाशी ज्याची गाठ प्रथमच पडते, त्याचा हात दोन-तीन घासांनंतर आपोआप पाण्याच्या तांब्याकडे वळतो. आणि तांब्या रिता झाला, पोट तुडुंब भरले, तरी जिभेवरचा दाह मात्र तसूभरही हटत नाही, असा प्रसंग बहुतेकांवर केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो. आग लागली की पाणी ओतावे हा मनुष्याचा पिढीजात हिशेब असल्यामुळे त्याला यात दोष देता येत नाही. परंतु मिरचीची आग ही मुळात आग नव्हे, आणि जो पदार्थ ती भासवतो त्याचे व पाण्याचे फारसे सख्य नाही, या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे पाण्याचा इलाज का फसतो व दुधाचा का साधतो याचा उलगडा होतो, आणि ऐनवेळी काय हाताशी धरावे व काय दूर सारावे हेही ज्याचे त्याला ठरवता येते.

मिरचीच्या तिखटपणाचे मूळ ज्या द्रव्यात आहे त्याला रसायनशास्त्रात कॅप्सेसिन असे नाव आहे. त्याच्याच कुळातली आणखी काही द्रव्ये मिरचीत असतात, पण कारभार मुख्यतः कॅप्सेसिन व त्याचे एक जवळचे भावंड या दोघांच्याच हाती असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, १८१६ मध्ये, बुखोल्त्स नावाच्या जर्मन रसायनज्ञाने मिरचीतून हा तिखट अर्क अशुद्ध स्वरूपात वेगळा काढला; पुढे १८७६ मध्ये थ्रेश या इंग्रज संशोधकाने तो स्फटिकरूपात मिळवून त्याचे नामकरण केले. शुद्ध कॅप्सेसिन दिसायला पांढरे, स्फटिकमय आणि गंधहीन असते. मिरचीचा लाल रंग, तिचा खमंग वास आणि तिचा दाह या तीन अगदी निराळ्या द्रव्यांच्या करामती आहेत. त्यामुळेच रंगाने गडद लाल असलेली ब्याडगी मिरची कालवणाला शोभा आणूनही जिभेला फारसे छळत नाही, आणि अंगाने किरकोळ असलेली लवंगी मात्र घासागणिक आपले अस्तित्व जाणवून देते. रंगावरून तिखटपणाचा अंदाज बांधणाऱ्या गृहस्थाची बाजारात फसगत होते ती यामुळेच.

याच संदर्भात आपल्या स्वयंपाकघरात एक समजूत पक्की रुजलेली आहे, ती अशी की मिरचीचे सारे तिखट बियांत असते, म्हणून बिया काढल्या की मिरची सौम्य होते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. मिरची उभी चिरली असता आत देठापासून खाली उतरलेला जो पांढुरका, मऊ गाभा व त्याच्या शिरा दिसतात, ज्यांना बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यातील पेशींतच कॅप्सेसिन तयार होते व तेथेच त्याचा मुख्य साठा असतो. बियांच्या अंगी स्वतःचे तिखट जवळजवळ नसते. गाभ्याच्या संगतीने जे त्यांच्या अंगाला लागलेले असते तेवढेच. म्हणून मिरची झटकून बिया पाडल्या पण पांढऱ्या शिरा तशाच ठेवल्या, तर श्रम वाया जातात. उलट सुरीच्या टोकाने शिरा खरवडून काढल्या तर चार बिया मागे राहिल्या तरी बिघडत नाही. घरात लहान मुले किंवा तिखटाची सवय नसलेले पाहुणे असतील तर ही एवढी तजवीज फोडणीच्या आधीच करावी.

आता या द्रव्याचा शरीरावर अंमल कसा चालतो ते पाहू. तिखटाची गणना आपण आंबट, गोड, खारट, कडू यांच्या पंगतीत सहज करतो, आणि आयुर्वेदानेही कटु रसाला षड्रसांत स्थान दिलेले आहे. तथापि आधुनिक शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिखट ही रुची नसून वेदना आहे. गोड-आंबट ओळखणाऱ्या रुचिकलिका जिभेवर ज्या पेशींच्या बनलेल्या असतात, त्यांच्याशी कॅप्सेसिनचा संबंध नसतो. तोंड, ओठ, नाक व चेहरा यांना स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची जाणीव पुरवणारा ट्रायजेमिनल नावाचा मोठा मज्जातंतू आहे, त्याच्या सूक्ष्म टोकांवर हे द्रव्य आपला प्रभाव गाजवते. या टोकांच्या आवरणात एक विशिष्ट प्रथिन बसवलेले असते, ज्याला टीआरपीव्ही-१ अशा आद्याक्षरी नावाने ओळखतात. त्याचे नेमून दिलेले काम असे की, सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे ऊतकांना इजा पोचण्याचा संभव असलेली उष्णता जाणवली की आपले दार उघडावे, कॅल्शियमादी विद्युत्‌भारित कण आत घ्यावेत, आणि त्यायोगे मेंदूला भाजल्याची वर्दी द्यावी. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखून काढले ते मिरचीच्याच साह्याने, आणि या कामाबद्दल त्यांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूटियन यांच्यासमवेत मिळाले.

कॅप्सेसिनची चलाखी अशी की ते या प्रथिनाला जाऊन बिलगले म्हणजे त्याचे दार उघडण्यास ४३ अंशांची गरज उरत नाही. तोंडाच्या नेहमीच्या उष्णतेलाही ते उघडते. परिणामी जीभ प्रत्यक्षात किंचितही भाजलेली नसताना मेंदूकडे भाजल्याचीच वर्दी जाते, आणि मेंदू ती खरी मानून आपल्या जाबत्याप्रमाणे सर्व बंदोबस्त सुरू करतो: कपाळाला घाम, डोळ्यांना व नाकाला पाणी, तोंडाला लाळ, चेहऱ्याला लाली. तिखट खाऊन घाम फुटतो तो जिन्नस उष्ण म्हणून नव्हे, तर शरीर आपणांस थंड करू पाहते म्हणून. पक्ष्यांमध्ये मात्र या प्रथिनाची घडण थोडी निराळी असल्यामुळे कॅप्सेसिन त्यांच्यावर चालत नाही. पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची मजेत कुरतडतो यात त्याचा काही पराक्रम नाही. रानमिरचीच्या दृष्टीने यात सोयही आहे, कारण सस्तन प्राण्यांच्या दाताखाली तिच्या बिया चिरडल्या जातात, तर पक्ष्यांच्या पोटातून त्या शाबूत बाहेर पडून दूरवर रुजतात.

या विवेचनातून एक व्यावहारिक गोष्ट ताबडतोब हाती येते. हेच प्रथिन उष्णतेनेही जागे होते आणि आम्लानेही अधिक हळवे होते, म्हणून तिखट लागलेल्या तोंडात गरम चहा घेतला तर दोन्ही वर्द्या एकत्र मिळून दाह एकदम भडकतो. कडकडीत तांबडा रस्सा हा तोच रस्सा कोमट झाल्यावर वाटतो त्याहून कितीतरी जहाल वाटण्याचे कारणही हेच आहे. द्रव्याचे प्रमाण तेच असते, उष्णतेची भर तेवढी वेगळी. उलटपक्षी कोणताही थंड पदार्थ तोंडात असेपर्यंत हे दार अर्धवट मिटते, आणि थंड पाण्याचा जो क्षणिक आराम वाटतो तो एवढ्यापुरताच खरा आहे.

मग पाणी पुरे का पडत नाही? कॅप्सेसिनच्या रेणूची बांधणी पाहिली तर त्याला एक लांबलचक, तेलाच्या स्वभावाची शेपटी असते, आणि त्यामुळे त्याची ओढ सर्वस्वी स्निग्ध पदार्थांकडे असते. तेल व पाणी यांच्या मिश्रणात ते सोडले तर पाण्यापेक्षा तेलात ते हजार पटींनी किंवा त्याहूनही अधिक जाते. पाण्यात ते मुळीच विरघळत नाही असे जे कित्येक ठिकाणी लिहिलेले आढळते ते मात्र काटेकोर नव्हे. एका लिटर पाण्यात दहा-पंधरा मिलिग्रॅम, इतके अल्प प्रमाण विरघळू शकते, आणि तिखटाला तर एवढ्या अल्प मात्रेचीही गरज नसते. पण तोंडातली परिस्थिती निराळी आहे. तेथे कॅप्सेसिन पाण्यात तरंगत नसते. ते फोडणीच्या तेलाबरोबर जीभ, टाळू व गालांच्या आतील त्वचेवर पसरून चिकटलेले असते, आणि त्यातील काही भाग पेशींच्या आवरणात, जे स्वतःच स्निग्ध द्रव्याचे बनलेले असते, शिरून आतल्या बाजूने त्या प्रथिनाशी जाऊन भिडलेला असतो. तुपाचा हात लागलेले भांडे नुसत्या पाण्याखाली कितीही वेळ धरले तरी त्याचा ओशटपणा जसा जात नाही, तशीच ही गत आहे. पाणी वरून वाहून जाते, फार तर तिखटाचे सुटे कण तोंडाच्या ज्या कोपऱ्यात ते अद्याप पोचले नव्हते तेथवर नेऊन सोडते, आणि थंडाव्याचा अंमल उतरताच दाह पूर्ववत हजर होतो.

दुधाचे महत्त्व येथून सुरू होते, आणि त्याविषयीही एक सुधारणा करावयास हवी. दुधात स्निग्धांश असतो, कॅप्सेसिन स्निग्धात विरघळते, म्हणून दूध उपयोगी, असे सरळ गणित बहुधा मांडले जाते. त्यावरून सायीचे, म्हशीचे घट्ट दूधच उत्तम असा निष्कर्ष काढला जातो. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टोमॅटोच्या तिखट रसाचा घोट दिल्यानंतर लोकांना निरनिराळी पेये देऊन, पुढील दोन मिनिटे दाह कसकसा उतरतो याची नोंद घेतली गेली, तेव्हा साय काढलेले दूध आणि पूर्ण दूध ही दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. अर्थात दाह शमवण्याचे मुख्य काम स्निग्धांशाने केले असे म्हणता येईना. मग ते कोणी केले? संशोधकांचा रोख दुधातील प्रथिनांकडे आहे.

गाईच्या दुधात सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि त्यांतला जवळजवळ चार पंचमांश भाग केसीनचा असतो. म्हशीच्या दुधात हे प्रमाण थोडे अधिकच. केसीनचे रेणू दुधात सुटे नसतात. ते एकत्र येऊन अतिसूक्ष्म गोळ्या करून राहतात, आणि दूध पांढरे दिसते त्याचे एक कारण याच गोळ्या होत. केसीनच्या अंगी पाण्याला मानणारे व स्निग्धाला मानणारे असे दोन्ही प्रकारचे भाग असल्यामुळे ते एकाच वेळी दुधाच्या पाण्यात तरंगतही राहते आणि कॅप्सेसिनसारख्या तेलकट रेणूंना आपल्याकडे ओढून जखडूनही टाकते. असे जखडलेले कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचू शकत नाही. दुधाच्या घोटाबरोबर ते गिळले जाते किंवा चूळ भरून बाहेर टाकले जाते. दुधातील निवळीत असणारी इतर प्रथिनेही या कामात हात लावतात. स्निग्धांशाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, पण घरात साय निघालेलेच दूध उरले आहे म्हणून हात आखडता घेण्याचे मात्र कारण उरत नाही.

त्याच प्रयोगात गोड सरबतासारखे एक पेयही दुधाच्या जोडीला बसले, ही बाब मला विशेष उद्बोधक वाटते. तत्पूर्वीही, १९९० मध्ये, कॅलिफोर्नियातील संशोधकांच्या पाहणीत साखरेच्या दहा टक्के द्रावणाने चूळ भरली असता मिळणारा आराम थंड दुधाच्या आरामाच्या बरोबरीस पोचल्याचे आढळले होते. साखर कॅप्सेसिनला विरघळवीत नाही, तेव्हा तिचे काम निराळ्या वाटेने होत असले पाहिजे. बहुधा मेंदूपर्यंत पोचलेल्या गोडीच्या संवेदनेपुढे वेदनेची संवेदना फिकी पडत असावी. ठसका लागलेल्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवणाऱ्या आजीबाईंची कृती यामुळे समर्थनीय ठरते, आणि ती प्रयोगशाळेत रुजुवात होण्याच्या कितीतरी आधीची आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंग घेऊ. समजा कोकणातून आलेला एखादा पाहुणा कोल्हापुरात जेवायला बसला आहे, ताटात भाकरी, सुके मटण, तांबडा व पांढरा असे दोन्ही रस्से आहेत, आणि पहिल्याच भुरक्यात त्याने तांबड्या रश्श्याच्या वाटीवर तरंगणारी लाल तर्री वरच्यावर तोंडात घेतली आहे. येथेच पहिली चूक झाली. कॅप्सेसिन तेलात जाते, तेल वर तरंगते, म्हणून रश्श्यातील तिखटाचा सर्वांत घट्ट वाटा त्या तर्रीत असतो. मिसळीच्या कटाचीही हीच कथा. नवख्याने चमचा वाटीच्या तळाशी नेऊन रस्सा उचलावा आणि तर्री बाजूला सारावी, म्हणजे निम्मा प्रश्न उद्भवणारच नाही. परंतु तर्री पोटात गेलेलीच आहे, कानशिले तापली आहेत, आणि हात तांब्याकडे निघाला आहे, तेव्हा यजमानाने पुढील क्रम धरावा.

प्रथम पाहुण्याच्या हाती थंड दुधाचा पेला द्यावा. दूध शीतकपाटातील असल्यास उत्तम, नसल्यास निवलेले चालेल, पण ऊनऊन दूध देऊ नये, कारण त्याच्या उष्णतेने दुधाचा गुण बराचसा झाकला जाईल. पहिला घोट त्याने एकदम गिळू नये. दोन मोठे चमचे भरतील एवढे दूध तोंडात घ्यावे, पंधरा-वीस सेकंद जिभेखाली, गालांत, टाळूला लागेल असे घोळवावे, ओठांच्या कडांनाही लावावे, आणि शक्य असल्यास ते बेसिनमध्ये टाकून द्यावे. कारण त्यात आता बरेच तिखट आलेले असते व ते पोटात धाडण्याचे प्रयोजन नाही. पंगतीत असे करणे प्रशस्त न वाटल्यास गिळले तरी अपाय नाही. त्यानंतर तसेच आणखी दोन-तीन घोट सावकाश घ्यावेत. घटाघटा अर्धा पेला रिचवणाऱ्याला जो उतार मिळतो, त्याहून अधिक उतार चार घोट घोळवणाऱ्याला मिळतो. कारण प्रश्न दुधाच्या प्रमाणाचा नसून ते कॅप्सेसिनच्या सान्निध्यात किती वेळ राहिले याचा आहे.

दूध घेतल्यावर दाह तत्काळ शून्यावर येईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. जो अंश पेशींच्या आवरणात आधीच शिरलेला आहे त्याला दूध हात लावू शकत नाही. त्याचा जोर आपल्या मुदतीने, साधारणपणे दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो. दूध जे करते ते एवढेच की पृष्ठभागावर शिल्लक असलेला साठा उचलून नवी भर थांबवते. म्हणून पहिला घोट गिळल्यावर अर्ध्या मिनिटाने आग पुन्हा किंचित वर आली तर दुधाचा गुण आला नाही असे न समजता दुसरा घोट घ्यावा. दर घोटामागे पुन्हा वर येणारी आग आधीपेक्षा कमी होत चालली असेल तर इलाज लागू पडत आहे असे जाणावे. तीन-चार घोटांनंतरही ती जागची हललीच नाही, तर तोंडात कोठेतरी तिखटाचा तुकडा, बहुतेक दातांच्या फटीत अडकलेला मिरचीच्या शिरेचा कण, अद्याप शाबूत आहे काय हे पाहावे.

दूध हाती नसेल तर काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. दही हे दुधाचेच रूप असल्यामुळे त्यातील प्रथिने तशीच काम करतात, आणि घट्ट असल्याने ते जिभेवर अधिक वेळ ठरते; म्हणून गार दहीभाताचे दोन घास हे दुधाइतकेच, कित्येकदा दुधाहून सोयीचे औषध आहे. ताकही चालते, पण पातळ, फार आंबट आणि वर हिरवी मिरची ठेचून लावलेले मठ्ठ्याचे ताक या कामाला आणणे म्हणजे आगीत आणखी तेल ओतणेच. सोलकढीतील नारळाच्या दुधात प्रथिन थोडे, स्निग्धांश पुष्कळ. तेव्हा तिचा गुण येतो तो त्या स्निग्धांशामुळे व थंडाव्यामुळे, आणि तीतही काही घरी लसूण-मिरची वाटून घालतात याचे भान ठेवावे. ताटातला पांढरा रस्सा सौम्य खरा, पण तो वाफाळता असतो, म्हणून पहिल्या आणीबाणीत त्याच्याकडे वळू नये. भाकरीवर साजूक तूप घालून सावकाश चावलेला घास तिखट काही अंशी आपल्यात घेतो. कोरडी भाकरी किंवा भात घासून नेण्याचे काम करतो. आणि काहीच नसेल तेव्हा चमचाभर साखर किंवा गूळ जिभेवर विरघळू द्यावा. सोडावॉटर आणि फेसाळ थंड पेये यांच्यापासून दूर राहिलेले बरे. त्यांतील कार्बनी आम्लाची चुरचुर त्याच वेदनातंतूंना लागते, आणि साखर असूनही त्यांचा लाभ तोकडा पडतो. मद्यात कॅप्सेसिन विरघळते हे खरे असले तरी प्यायच्या मद्यात मद्यार्काचे प्रमाण त्या कामाला अपुरे असते, आणि तीव्र मद्यार्क स्वतःच त्या प्रथिनाला चिथावतो. ती वाट सुचवणाऱ्यांचा हेतू बहुधा वेगळा असतो.

दाह पोटात उतरल्यावर मात्र दुधाची सत्ता बरीच कमी होते. जठरात व पुढेही टीआरपीव्ही-१ हेच प्रथिन आहे, आणि कॅप्सेसिनचा काही भाग न पचता शेवटपर्यंत प्रवास करतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जो त्रास होतो त्याला आदल्या रात्रीच्या दुधाने आळा बसत नाही. तेथे कमी खाणे हाच एक उपाय. ज्यांना दूध सोसत नाही, पोट फुगते, त्यांनी चूळ भरून दूध टाकून द्यावे. दाह शमण्यासाठी ते गिळण्याची आवश्यकता नाही. दुधाची खरी अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र साखरेचाच मार्ग धरावा. एक वर्षाच्या आतील बाळाच्या तोंडाला चुकून तिखट लागल्यास गाईचे वा म्हशीचे दूध न पाजता आईचे दूध किंवा त्याचे नेहमीचे दूध द्यावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. तिखटाच्या दाहाने ओठ लाल होतात, हुळहुळतात, डोळे-नाक वाहतात, उचकी लागते, पण सारे काही अर्ध्या तासाच्या आत उतरणीस लागते. याउलट ओठ, जीभ किंवा चेहरा फुगत चालला, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा होऊन श्वास घेणे जड झाले, तर तो मिरचीचा पराक्रम नव्हे. शेंगदाणा, मासळी किंवा अन्य एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी उफाळली असण्याचा संभव मोठा. अशा वेळी दुधाचे घोट मोजत न बसता रोग्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

मिरची खाण्यापेक्षा ती चिरण्या-कुटण्यात होणारा त्रास अनेक घरांत अधिक असतो, आणि तेथेही तोच नियम निराळ्या रूपाने लागू होतो. पाव-अर्धा किलो हिरव्या मिरच्या लोणच्यासाठी चिरल्या किंवा ठेचा हाताने कालवला की बोटांची आग रात्रीपर्यंत जात नाही, आणि वारंवार गार पाण्यात हात बुडवले तरी बाहेर काढताच ती पुन्हा उसळते. अशा हातांना प्रथम कोरडेपणीच चमचाभर गोडेतेल किंवा खोबरेल चोळावे, ते कापडाने अथवा कागदाने पुसून घ्यावे, आणि मग भांडी घासण्याचा साबण लावून गार पाण्याने धुवावे. एका खेपेने न भागल्यास हाच क्रम दुसऱ्यांदा करावा. तेल कॅप्सेसिनला त्वचेवरून सोडवते, साबण तेलाला पाण्याबरोबर घालवतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधी गरम पाणी आणि घासाघीस, तर दाह वाढतो. नखांच्या खाली अडकलेला अंश विसरू नये. रात्री डोळा चोळताना जो घात होतो तो तेथूनच होतो. सर्वांत सोपे म्हणजे चिरण्याआधी हाताला तेलाचा पुसट थर लावणे, किंवा रबरी हातमोजे घालणे.

डोळ्यात मिरची गेल्यास मात्र दूध, तूप, तेल यांपैकी काहीही घालू नये. घरचे दूध निर्जंतुक नसते, आणि आग शमवण्याच्या नादात डोळ्याला दुसराच विकार जडवून घेणे परवडणारे नाही. डोळा चोळू नये, कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास हात साबणाने धुऊन ती काढावी, आणि स्वच्छ पाण्याच्या मंद धारेखाली पापण्या उघडझाप करीत पंधरा मिनिटे डोळा धुवावा. येथे पाणी का चालते असा आक्षेप वाचक घेतील. त्याचे उत्तर असे की येथे एका घोटाचे नव्हे तर सतत वाहणाऱ्या धारेचे काम असते, डोळ्यातील अश्रूही धुण्यास हातभार लावतात, आणि दुसरे निर्धोक साधन हाताशी नसते. तासाभरानंतरही डोळा उघडता येत नसेल किंवा दृष्टी धूसर वाटत असेल तर नेत्रवैद्यास दाखवावे.

रोज तिखट खाणाऱ्यांना हे सर्व उपचार फारसे लागत नाहीत, कारण कॅप्सेसिनचा मारा वारंवार झाला की तेच मज्जातंतू काही काळ बधिर होत जातात. याच गुणामुळे अल्प प्रमाणात कॅप्सेसिन असलेली मलमे सांधेदुखीवर लावली जातात. पण ही सवय हळूहळू होते, एका जेवणात होत नाही. तेव्हा घरी झणझणीत बेत असेल आणि पंगतीला नवखे पाहुणे बसणार असतील, तर पाण्याचे तांबे मांडण्याबरोबरच माणशी वाटीभर गार दही किंवा पेलाभर निवलेले दूध आधीच काढून ठेवावे, आणि वाढताना पाहुण्याच्या वाटीत तर्री कमी घालावी.